आबांच्या हाताखाली: सांजवात लावायला आणि शंख फुंकायला शिकताना

संध्याकाळचा दिवा आणि शंख या दोन गोष्टी घरात नव्याने सुरू करायच्या ठरवल्या की बहुतेक जण एकाच वाटेने अडतात. दिवा नीट जळेना म्हणून तेल वाढवतात आणि शंख वाजेना म्हणून जोर वाढवतात. दोन्हीचा फारसा उपयोग होत नाही. दिवा चालतो तो वातीवर आणि शंख वाजतो तो ओठांवर. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या आबांनी, माझ्या मुलाला हे दोन्ही शिकवलं तेव्हा मी बहुतेक वेळा कणीक मळत स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होते. त्यांनी ज्या क्रमाने शिकवलं तोच इथे देते आहे. तो क्रम मोठ्या माणसांनाही तितकाच लागू पडतो.

बंड्या तेव्हा आठ वर्षांचा होता आणि त्याला शंखच हवा होता. दिव्यात त्याला रस नव्हता. आबांनी सांगितलं, "आधी दिवा. तो जमला की शंख." त्यामागे शिस्त लावण्याचा हेतू असेल, पण खरं कारण साधं होतं. दिव्यात चूक झाली तर ती डोळ्यांना लगेच दिसते. शंखातली चूक दिसत नाही, ती ओळखायला शिकावं लागतं.

वातीपासून सुरुवात

आमच्याकडे रोजच्या सांजवातीला लहान पितळी समई असते, तिळाच्या तेलाची. तुपाच्या निरांजनाला फुलवात लागते, समईला लांब वात. नवख्याने आधी तेलाची समईच घ्यावी. थंडीत तूप थिजतं आणि मग वात का विझली ते कळत नाही.

आबांनी पहिल्या दिवशी काडेपेटी काढलीच नाही. बंड्याला कापूस दिला आणि वात वळायला बसवलं. सरकी काढलेला स्वच्छ कापूस हवा. औषधाच्या दुकानातला कापूसही चालतो, फक्त त्याचा जाड थर न घेता पातळ पापुद्रा सोडवून घ्यायचा. तो तळहातावर ठेवून दुसऱ्या तळहाताने एकाच दिशेने पुढे वळायचा. पुढे-मागे घासलं की पीळ बसतो तसा सुटतो. बोटांना किंचित दूध किंवा भस्म लावलं तर कापूस निसटत नाही. लांबी साधारण आठ-दहा सेंटीमीटर पुरते. अशा दोन वाती शेजारी ठेवून त्यांची एक करायची, असा आमच्या घरचा रिवाज आहे. त्यात सोयही आहे, कारण जोडवात समईच्या काठावर ताठ राहते, वाकून आत पडत नाही.

बंड्याची पहिली वात दोरीसारखी कडक झाली होती. आबांनी ती फेकली नाही. तेलात ठेवली आणि म्हणाले, "बघत राहा, तेल कुठवर चढतंय." तेल अर्ध्यावर येऊन थांबलं. पीळ इतका घट्ट होता की धाग्यांमध्ये तेल चढायला जागाच उरली नव्हती. दुसरी वात त्याने मुद्दाम सैल केली. तिच्यात तेल भराभर चढलं, पण पेटवल्यावर टोक पसरलं, ज्योत रुंद झाली आणि धूर यायला लागला. तिसरी वात मधली होती, चिमटीत धरली तर दबेल पण सुटणार नाही अशी. वातीची परीक्षा हीच. ती चिमटीत थोडी मऊ लागली पाहिजे.

तेल, वात, काडी: याच क्रमाने

समई आधी कोरडी करा. घासून धुतलेल्या समईच्या खोबणीत पाण्याचा थेंब राहिला तर दिवा तडतडतो, तेलाचे बारीक शिंतोडे उडतात आणि मूल दचकून हात झटकतं. दिवा तडतडू लागला की पहिला संशय पाण्यावरच घ्यावा.

तेल काठोकाठ भरू नका. काठाखाली निदान अर्धा सेंटीमीटर जागा मोकळी ठेवा. जास्त भरलं तर तेल वातीच्या टोकावरून ओघळतं, समईच्या चोचीखाली थेंब जमतो आणि सकाळी देव्हाऱ्यात चिकट डाग मिळतो.

आता वात. ती आधी पूर्ण तेलात बुडवायची, मग टोक उचलून चोचीवर ठेवायचं आणि जास्तीचं तेल दोन बोटांनी हलकेच निपटून टाकायचं. मग एक-दोन मिनिटं थांबायचं. हे थांबणं नवखे लोक हमखास वगळतात. कोरडी वात पेटवली की तेल न जळता कापूसच जळतो, टोक काळं पडतं आणि दिवा क्षणात विझतो. मग काडीवर काडी जाते आणि दोष तेलाला मिळतो.

टोक काठाबाहेर साधारण अर्धा सेंटीमीटर असावं. जास्त बाहेर काढलं तर ज्योत उंच होते आणि तिच्या शेंड्यावरून काळा धूर निघतो. कमी काढलं तर ज्योत तेलाला चिकटून बसते, निळसर आणि खुरटी दिसते. बरोबर जळणारी ज्योत पिवळी, अणकुचीदार, दोनेक सेंटीमीटरची आणि जवळजवळ स्थिर असते. पंखा चालू असेल तर ती कितीही चांगली वात असली तरी डुलणारच. तेव्हा पंखा बंद करून पाहिल्याशिवाय वातीला हात लावू नये.

काडी पेटवण्याचं काम आबांनी बरंच उशिरा दिलं. आधी कित्येक दिवस बंड्या वात घालायचा, तेल ओतायचा आणि काडी आबा ओढायचे. मग एके दिवशी त्यांनी त्याच्या हातात काडेपेटी दिली आणि स्वतः त्याच्या मागे बसले. काडी अंगापासून दूर, बाहेरच्या दिशेला ओढायची. पेटल्यावर ती आडवी धरायची, डोकं खाली झुकवायचं नाही, नाहीतर ज्योत बोटांकडे चढते. वातीच्या टोकाला काडी खालून लावायची आणि दोन-तीन सेकंद तिथेच धरून ठेवायची. बंड्या काडी टेकवून लगेच मागे घ्यायचा आणि दिवा लागायचा नाही. आबा म्हणाले, "तेलाला आधी तापू दे. तापलं की ते आपणहून पेट घेतं." विझलेली काडी कुठे टाकायची हेही त्यांनी ठरवून दिलं होतं. शेजारी पाणी घातलेली वाटी असायची.

आमच्याकडे काही नियम ठरलेले आहेत, तुमच्याकडेही असू द्या. मुलाच्या सदऱ्याच्या बाह्या वर दुमडलेल्या, मोकळे केस बांधलेले, देव्हाऱ्याचा पडदा बाजूला. ज्योतीच्या वर लाकडी छत असेल तर निदान हातभर अंतर हवं. जागा कमी असेल तर समई देव्हाऱ्यासमोर खाली पाटावर ठेवावी. सात-आठ वर्षांच्या आतल्या मुलाने वात आणि तेल सांभाळावं, काडी नको. आणि दिवा लागल्यावर खोलीत कोणीतरी मोठं माणूस असावं, हे मी वेगळं सांगायला नको.

समईचं तोंड आम्ही पूर्वेला करतो. बऱ्याच घरांत उत्तरेलाही करतात, दक्षिणेकडे मात्र सहसा करत नाहीत. वेळ म्हणाल तर दिवेलागणीची, सूर्य मावळता मावळता. दिवा लागला की हात जोडून 'शुभं करोति कल्याणम्' म्हणायचं. बंड्याला त्याहून 'दिव्या दिव्या दीपत्कार, कानी कुंडल मोतीहार' हे जास्त आवडायचं, कारण ते पटकन संपायचं.

दिवा लागला, पण मंदावतोय

खरं शिकणं इथून सुरू होतं. दिवा छान लागतो आणि पाऊण तासाने बारीक होतो. अशा वेळी तेल ओतण्याआधी वातीकडे पाहा. टोकावर काळी कडक टोपी जमली असेल तर ती काजळी आहे. ती तेलाला टोकापर्यंत येऊ देत नाही. पितळी किंवा लाकडी काडीने ती हलकेच झाडायची आणि वात थोडी पुढे सारायची. ज्योत लगेच उजळते. काजळी नसेल आणि तेल तळाला गेलं असेल, तर वातीला ते लांबून ओढून आणावं लागतंय. तेव्हा पळीने थोडं तेल घालायचं. एकदम भरपूर तेल ओतलं तर वातीचं टोक बुडतं आणि दिवा विझतो, म्हणजे आपणच तो विझवतो.

आबांनी बंड्याला हे ओळखायला लावलं ते एका युक्तीने. दिवा मंदावला की ते त्याला विचारायचे, "वात की तेल?" आणि उत्तर दिल्याशिवाय हात लावू द्यायचे नाहीत. पहिल्या पहिल्यांदा तो प्रत्येक वेळी "तेल" म्हणायचा. काही दिवसांनी तो वाकून आधी टोक बघायला लागला. ते बघितल्यावर आबांनी कपाटातून शंख काढला.

दिवा संपवायचा असेल तर फुंकर मारायची नाही, अशी आपल्याकडची रीत आहे आणि ती तेलाच्या दिव्याला व्यवहारातही बरोबर बसते. फुंकरीने तापलेलं तेल उडू शकतं आणि वातीचा धुमसणारा वास घरभर होतो. काडीने वात मागे ओढून टोक तेलात बुडवायचं, दिवा शांत होतो. "विझव" असं आमच्याकडे कोणी म्हणत नाही, "शांत कर" म्हणतात.

शंख: आधी कोणता ते पाहा

पूजेचा शंख आणि वाजवायचा शंख वेगळे असतात. पूजेत पाणी भरायच्या शंखाचं टोक अखंड असतं. त्यात फुंकून काही होत नाही. वाजवायच्या शंखाचं टोक कापून तिथे भोक पाडलेलं असतं. अनेक जण देव्हाऱ्यातला शंख घेऊन फुंकत बसतात आणि निराश होतात, म्हणून हे आधी तपासा. वाजवायचे बहुतेक शंख टर्बिनेला पायरम या समुद्री गोगलगायीचे असतात. मन्नारच्या आखातात ती सापडते. दक्षिणावर्ती म्हणून महाग विकले जाणारे शंख पुष्कळदा वेगळ्याच जातीचे असतात. वाजवायला शिकण्यासाठी त्यांच्यामागे लागायचं काहीच कारण नाही.

विकत घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. भोकाच्या कडेवरून बोट फिरवा. धार लागली तर ओठ कापेल. भोक गोल आणि साधारण एक ते दीड सेंटीमीटर असावं, लहान मुलाला त्याहून थोडं लहानही चालेल. आणि शेवटी भोकावर अंगठा घट्ट दाबून शंखात पाणी भरा. कुठून पाझरलं तर चीर आहे. चिरलेला शंख बहुधा वाजत नाही, वाजला तरी घोगरा.

शंखाशिवाय शंख

आबांनी बंड्याच्या हातात शंख दिला आणि लगेच परत घेतला. "आधी ओठ," ते म्हणाले. घोडा फुरफुरतो तसा आवाज काढायला लावला, पण ओठ सैल ठेवून नव्हे. ओठ मिटायचे, कोपरे किंचित ताणायचे, मधल्या बारीक फटीतून हवा सोडायची. ओठ थरथरले पाहिजेत आणि माशी गुणगुणल्यासारखा आवाज यायला हवा. शंख स्वतः काही वाजत नाही. ओठांची थरथर आत जाते आणि आतल्या वळणावळणाच्या पोकळीत ती मोठी होते. थरथर नसेल तर कितीही फुंका, नुसती फुस्स हवा जाते.

इथे बंड्याची खरी अडचण निघाली. त्याचे वरचे दोन दुधाचे दात पडलेले होते. मधल्या ओठाला मागून आधारच नव्हता, त्यामुळे ओठ आत ओढला जायचा आणि हवा सुटायची. आबांची कवळी आहे. ते शंख ओठांच्या मधोमध न धरता उजव्या कोपऱ्याकडे धरतात आणि हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी बंड्यालाही तोंडाच्या कडेला, जिथे सुळा आणि दाढा शाबूत होत्या तिथे, ओठ थरथरवायला लावले. तिथे त्याला लगेच जमलं. मधोमध धरणं ही नेहमीची पद्धत आहे, पण ती सक्तीची नाही. दात पडलेले असतील, पुढे आलेले असतील किंवा तारा बसवलेल्या असतील तर कडेला सरकवून पाहा.

ओठाला शंख

उजव्या हाताने शंखाच्या रुंद बाजूखाली आधार द्या, बोटं उघड्या भागावरून आत थोडी टेकवा, पण तो भाग झाकू नका. डावा हात खालून. भोक ओठांवर असं बसवा की कडेने हवा सुटणार नाही, पण दाबू नका. दाबलं की ओठ थरथरू शकत नाहीत. आबा बंड्याच्या गालाजवळ तळहात धरायचे. वारा लागला तर म्हणायचे, "गळतंय, नीट बसव."

श्वास पोटातून घ्या, नाकाने. खांदे वर जात असतील तर श्वास वरवरचा आहे. मग ओठांची तीच थरथर, शंखासकट. सुरुवातीला एक सेकंदाचा तुकडाच पुरे. लांब सूर नंतर. गाल फुगवू नका. गाल फुगले की हवा ओठांवर पोचण्याआधी गालातच साठते आणि जबडा लवकर दुखतो.

काय चुकतंय ते आवाजावरून कळतं. नुसती हवा येत असेल तर ओठ जास्त उघडे आहेत किंवा शंख नीट बसलेला नाही. बारीक चिरका किंचाळा आला तर ओठ फार ताणलेत, कोपरे थोडे सैल सोडा. फडफडणारा, फुटलेला आवाज आला तर ओठ ढिले आहेत. सूर लागून मध्येच तुटत असेल तर श्वास कमी पडतोय किंवा सुरुवातीलाच सगळा जोर वापरलात. साधारण घरगुती शंखात एकच मुख्य सूर येतो, त्यामुळे सूर 'शोधत' बसू नका. तो लागला की ऐकू येतो आणि हाताला शंखाची थरथर जाणवते.

बंड्याला पहिला आवाज आला तो दुपारी, अंगणात. संध्याकाळी दिव्यापुढे शिकवायचं नाही, असा आबांचा नियम होता. त्यात शहाणपणा होता. घरातले सगळे जमले असताना फुस्स झाली की मूल लाजतं आणि पुढच्या वेळी रागाने जोर लावतं. आवाज आल्यावर बंड्याने पुन्हापुन्हा फुंकलं आणि थोड्या वेळाने म्हणाला, "आबा, गरगरतंय." आबांनी शंख काढून घेतला आणि त्याला ओट्यावर बसवलं. भरभर आणि खोल फुंकल्याने असं होतं. पाच-सहा फुंकी झाल्या की थांबायचं. गरगरलं तर त्या दिवशी शंख बंद.

मोठ्यांसाठी एक गोष्ट गंभीरपणे सांगते. काचबिंदू असेल, डोळ्यांची किंवा पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, हर्निया असेल, रक्तदाब आवाक्यात नसेल किंवा गरोदर असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय फुंकू नका. फुंकताना डोळ्यांतला आणि पोटातला दाब वाढतो. तान्ह्या बाळाच्या कानाजवळ किंवा लहान खोलीत दार लावून वाजवू नका, आवाज फार मोठा असतो.

दोन्ही एकत्र

दोन्ही वेगवेगळं जमल्यावरच ते एका संध्याकाळी जोडावं. आधी दिवा लावायचा, तो स्थिर झाला की दोन पावलं मागे सरकून शंख, ज्योतीकडे तोंड न करता. आमच्याकडे तीनदा फुंकतात, प्रत्येक फुंकीत पूर्ण श्वास घेऊन. पहिल्या संध्याकाळी बंड्याची तिसरी फुंक अर्ध्यातच बसली. आबा म्हणाले, "दोन पुरल्या. देव मोजत नाही." सासूबाई म्हणाल्या, "शेजारच्या काकू मोजतात." त्यांचं म्हणणं खोटं नाही. आपल्या इमारतीत लहान बाळं किंवा आजारी माणसं असतील तर वेळ आधी बोलून ठरवा.

वाजवून झाल्यावर शंखात थुंकीचा ओलावा राहतो. साध्या किंवा कोमट पाण्याने विसळा, भोक खाली करून झटका आणि कोरड्या फडक्यावर तोंड खाली करून ठेवा. घरात एकाहून जास्त जण वाजवत असतील तर प्रत्येकाने आधी भोक धुवावं. सर्दी, तोंड आलेलं असेल तर त्याने त्या दिवशी वाजवू नये.

समई मात्र चिंचेने किंवा लिंबाने घासायची, पितळ त्याने चकाकतं. बंड्याने एका सणाच्या आदल्या दिवशी उत्साहाने समईबरोबर शंखालाही लिंबू चोळायला घेतलं होतं. आबांनी हात धरला. शंख चुन्याचाच असतो, आंबटाने त्याचा वरचा थर विरतो, चकाकी जाते आणि भोकाची गुळगुळीत कड खरखरीत होते. शंखाला पाणी आणि मऊ फडकं पुरतं.